अल्टरेशनमध्ये पैसे उरत नाहीत: किमान दर आणि ‘उघडल्यावर कळेल’ कामांचा भाव

लक्षण असं असतं. सकाळी दहाला शटर वर जातं, रात्री साडेआठपर्यंत मान वर करायला फुरसत नसते. खुंट्यांवर पिशव्या लटकलेल्या असतात, गिऱ्हाइकं खूश असतात. आणि महिनाअखेरीला भाडं, लाइट बिल बाजूला काढलं की हातात उरतं ते दुसऱ्याकडे कामाला गेलो असतो तरी याहून जास्त मिळालं असतं, असं वाटायला लावणारं.

मी नाशिकरोडला एका छोट्या गाळ्यात फक्त अल्टरेशन करते. नवीन शिवत नाही. लांबी कमी करणं, ब्लाउज सैल करणं नाहीतर आवळणं, चेन बदलणं, उसवलेलं, फाटलेलं, एवढंच. पहिली काही वर्षं पैसे कमी पडले की मी एकच उपाय करायचे: सगळ्या कामांना दहा-दहा रुपये वाढवायचे. त्याने काहीच फरक पडला नाही, उलट पँटची लांबी कमी करायला येणारी रोजची माणसं कुरकुरायला लागली. चूक ही होती की मी एकच दुखणं समजत होते आणि होती दोन. लहान कामात प्रत्येक वेळी थोडे पैसे जात होते. मोठ्या दुरुस्तीत एरवी ठीक चालायचं, पण मधूनच एखादं काम आठवड्याची कमाई खाऊन जायचं. दोन्हींचं औषध वेगळं आहे.

आपल्याकडे यातलं कुठलं आहे हे बघायला एक वही पुरते. दोन आठवडे प्रत्येक कामापुढे तीन आकडे लिहायचे: सांगितलेले पैसे, मनात धरलेली मिनिटं आणि खरी लागलेली मिनिटं. खऱ्या मिनिटांत मशीनवर बसल्यापासूनचा वेळ धरायचा नाही, गिऱ्हाईक पायरी चढल्यापासून धरायचा. मीही आधी फक्त मशीनची मिनिटं लिहीत होते आणि सगळं झकास दिसत होतं.

हुक लावायला चौदा मिनिटं

एक गृहस्थ मुलाच्या शाळेची पँट घेऊन आले. कमरेचं हुक निघालेलं. “दोन मिनिटांचं काम आहे ताई.” खरंच दोन मिनिटांचं होतं. पण वहीत काय आलं बघा. पिशवीतून पँट काढून कुठलं हुक ते बघितलं, जिथून निघालं तिथलं कापड फाटलंय का तेही बघितलं. पावती लिहिली, नंबरची चिठ्ठी पँटला टाचली, खुंटीला लावली. संध्याकाळी ती शोधून काढली. मशीनमध्ये पांढरा दोरा होता, म्हणून वरचा दोरा आणि बॉबिन दोन्ही बदलून नेव्ही ब्लू घातले. फाटलेल्या जागी आतून छोटा तुकडा लावून शिलाई मारली, हुक बसवलं. दोरे कापले, इस्त्री फिरवली, घडी घातली. दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा पुन्हा शोधलं, उघडून दाखवलं, पाचशेच्या नोटेचे सुटे दिले. मशीन आणि सुई मिळून दोन मिनिटं, बाकीची बारा. मी घेतले होते वीस रुपये.

वहीत अशी कामं एकाखाली एक आली तेव्हा कळलं की ही बारा मिनिटं जवळजवळ ठरलेलीच आहेत. हुक असो, बटण असो, दोन इंच उसवलेली शिलाई असो, सुई लागायच्या आधीचा आणि नंतरचा वेळ तेवढाच.

आता त्या मिनिटाची किंमत. माझा हिशोब साधा आहे, तुमचे आकडे तुम्ही घाला. गाळ्याचं भाडं ८,०००, लाइट १,१००, दोरे-सुया-तेल आणि मशीनची दुरुस्ती १,४००, पावत्या-पिशव्या-फोन ५००, म्हणजे महिन्याला ११,०००. माझी स्वतःची मजुरी मी २८,००० धरते. एकूण ३९,०००. दुकान २६ दिवस उघडं असतं. रोज दहा तास असते तरी चहा, जेवण, बाजारातून चेन-अस्तर आणणं आणि नुसतीच चौकशी करणारे जाऊन कामाला खरे सहा तास मिळतात. २६ गुणिले ६ म्हणजे १५६ तास. ३९,००० भागिले १५६ म्हणजे तासाला २५० रुपये, मिनिटाला चार रुपये आणि वर थोडे पैसे.

बारा मिनिटांचे पन्नास झाले. म्हणजे कपडा हातात घेऊन नुसता परत दिला तरी माझे पन्नास रुपये खर्च होतात. त्यात तीन मिनिटांची शिलाई धरली की साठ. हा माझा किमान दर. वीस रुपये घेऊन मी प्रत्येक हुकामागे चाळीस रुपये वर घालत होते, आणि अशी कामं दिवसाला पाच-सहा येतात.

इथे एक घोळ मी केला तो सांगते, कारण किमान दर लावणारे बरेच जण तोच करतात. मी पाटी लावली: ‘कोणतेही काम कमीत कमी ₹६०’. पाचव्या दिवशी एक बाई चार स्कर्ट घेऊन आल्या, चारही शाळेचे, चारही निळे, प्रत्येकाला फक्त हुक. मी २४० सांगितले. त्यांनी एकही शब्द न बोलता स्कर्ट पिशवीत भरले. बरोबरच होतं त्यांचं. ती बारा मिनिटं काही चार वेळा लागणार नव्हती. पावती एकच, दोरा एकदाच बदलायचा, द्यायचं एकदाच. खरं काम चोवीस-पंचवीस मिनिटांचं, म्हणजे शंभराच्या आसपास.

म्हणून किमान दर कपड्याला नाही, पावतीला लावायचा. आता पाटी अशी आहे: ‘एका पावतीला कमीत कमी ₹६०. त्याच रंगाच्या दोऱ्याचं तसंच काम सोबत असेल तर पुढच्या प्रत्येक नगाला ₹१५’. चार स्कर्टचे १०५ होतात, माझा वेळही निघतो आणि लोक घरातलं साठवून एकदम आणतात. दोऱ्याचा रंग वेगळा असेल तर पुढच्या नगाला ३०, कारण बॉबिनसकट बदलायला तीन-चार मिनिटं जातातच. माझ्याकडेच शिवलेलं उसवलं तर अर्थात एक पैसा नाही. आणि समोरच्या इमारतीतल्या आजी गाऊनचं बटण घेऊन येतात त्यांनाही नाही, पण ते वहीत शून्य म्हणून लिहिते. किती फुकट करतेय ते आपल्याला माहीत असावं.

“पँटच तीनशेची आहे आणि चेनचे एवढे?” हे आठवड्यातून एकदा तरी ऐकावं लागतं. यावर वाद घालून उपयोग नाही. पँट किती स्वस्त आहे यावर तिची चेन उसवायला लागणारा वेळ ठरत नाही, उलट स्वस्त पँटमध्ये माया कमी असते म्हणून जरा जास्तच लागतो. मी एवढंच म्हणते, “तीनशेच्या पँटला एवढे घालायचे का ते तुम्ही ठरवा, मला वाईट वाटणार नाही.” निम्मे ठेवून जातात. पैसे मात्र कपडा हातातून घ्यायच्या आधी सांगायचे, पावतीवर लिहायचे. काम झाल्यावर सांगितलेला साठचा आकडा आधी सांगितलेल्या शंभरापेक्षा जास्त टोचतो.

नेहमीचा वेळ आणि सरासरी वेळ

दुसरं दुखणं मला जॅकेटच्या चेनने शिकवलं. नाशिकला थंडी पडते, नोव्हेंबरपासून जॅकेटं यायला लागतात. कुणी विचारलं की मी मनात म्हणायचे, “पाऊण तास”, आणि चेनचे पैसे वेगळे धरून १८० मजुरी सांगायचे. वहीत आठ जॅकेटांची मिनिटं अशी आली: ४०, ४५, ४५, ५०, ५०, ५५, ६०, १३५.

बहुतेक कामं पाऊण तास ते तासाभरात झाली, म्हणजे माझा अंदाज फार चुकीचा नव्हता. तरी आठ जॅकेटांना एकूण ४८० मिनिटं लागली, सरासरी एक तास. आठ तासांचे २,००० व्हायला हवे होते, मिळाले १,४४०. दुरुस्तीच्या कामाची ही खोड आहे. ते लवकर झालं तर पाच-दहा मिनिटंच लवकर होतं, पण अडलं तर तासभर अडतं. त्यामुळे डोक्यात बसलेला ‘नेहमीचा’ वेळ सरासरीपेक्षा कायम कमी असतो. भाव नेहमीच्या वेळावर ठेवला तर ते एक अडलेलं जॅकेट आपण फुकट करतो.

मग मी सरळ सगळ्या जॅकेटांना २५० मजुरी लावली. हिशोब जमला, पण पुढच्याच थंडीत दुसरीच गंमत झाली. साधी, अस्तर नसलेली जॅकेटं येईनाशी झाली, कारण कोपऱ्यावरचा माणूस ती १५० मध्ये करत होता. आणि त्याने परत पाठवलेली, फ्लॅपवाली, जाड अस्तरवाली झाडून सगळी माझ्याकडे यायला लागली. सरासरी पुन्हा वर गेली. म्हणजे सरासरी तिथेच लावायची जिथे आधी बघून काही कळतच नाही. बघून कळत असेल तर दोन मिनिटं घालवून बघायचंच.

जॅकेटमध्ये मी आता काय बघते ते सांगते. पहिल्यांदा चेन बदलायची गरज आहे का. दात सगळे जागेवर आहेत, पण चेन लावली की रनरच्या मागून उघडत जाते, असं असेल तर दोष बहुतेक रनरचा असतो. त्याचं तोंड झिजून सैल झालेलं असतं. रनरच्या पाठीवर बहुतेक वेळा नंबर कोरलेला असतो, ५ किंवा ८. त्या नंबरचा नवा रनर घातला की काम झालं, किमान दरात. साडेतीनशेच्या तयारीने आलेल्या माणसाला साठ रुपयांत घरी पाठवलं की तो पुढच्या वेळी भाव विचारत नाही. पण दात तुटलेला असेल किंवा खालचं खोचायचं टोक पट्टीपासून फाटलं असेल तर चेनच बदलावी लागते.

बदलायची असेल तर मग तीन ठिकाणी बघायचं. चेनचं वरचं टोक कॉलरच्या आत गेलंय का, खालचं टोक कमरेच्या इलास्टिकमध्ये किंवा दुमडीत अडकलंय का, आणि चेनवरून वाऱ्यासाठी फ्लॅप आहे का. तिन्ही नसेल तर १८०. एखादं असेल तर २५०. तिन्ही असतील आणि अस्तर चारी बाजूंनी बंद असेल तर ते १३५ मिनिटांचं जॅकेट आहे हे समजून चालायचं. त्या जॅकेटला मी आतली वाटच शोधत बसले होते. शेवटी कळलं की कारखान्यात अशी जॅकेटं बाहीच्या अस्तराच्या शिवणीतून उलटी करून मग ती फट वरून बंद करतात. डाव्या किंवा उजव्या बाहीत अस्तराची एक शिवण बाहेरून दाबलेली दिसते, तीच वाट. आता अशा जॅकेटला मी ४५० सांगते, आणि ते जमत नसेल तर कोपऱ्यावरच्या माणसाकडे जा म्हणते.

उघडल्याशिवाय कळतच नाही ते

काही कामं मात्र बाहेरून कितीही चाचपली तरी कळत नाहीत. माझ्याकडे यात पहिला नंबर भरजरी रेडिमेड ब्लाउजचा. लग्नाच्या चार दिवस आधी येतो, दोन इंच सैल करायचा असतो, आणि बाई विचारतात, “किती होतील?” पूर्वी मी दीडशे सांगायचे आणि रात्री बारापर्यंत टिकल्या लावत बसायचे.

आता मी तीन गोष्टी सांगते. उघडून बघायचे ८०. काम पुढे गेलं तर ते बिलातच धरले जातात. सगळं मिळून जास्तीत जास्त किती, तो आकडा. आणि तिसरं म्हणजे त्याच्यावर जाणार असं दिसलं तर हात थांबवून फोन करते. ८० कुठून आले? आतून तीन इंच उसवून बघणं, बाईंशी बोलणं आणि त्या नको म्हणाल्या तर पुन्हा बंद करणं, याला वीस मिनिटं लागतात. नको म्हणाल्या तर ८० घेऊन ब्लाउज होता तसा परत. हे मागायला पहिले दोन-तीन आठवडे जीभ रेटत नव्हती.

एक ब्लाउज सविस्तर सांगते. राणी रंगाचं रेशीम, पाठीवर आणि काठांना आरीचं काम, टिकल्या आणि कटदाणा. छातीत दोन इंच वाढवायचा. बाजूच्या दोन शिवणी, प्रत्येक शिवणीला पुढचा आणि मागचा असे दोन काठ, म्हणजे चार काठ. दोन इंच हवे तर प्रत्येक काठातून अर्धा इंच माया सोडायची. बाहेरून बोटांनी दाबल्यावर माया भरपूर वाटत होती, पण भरजरी ब्लाउजमध्ये बोटाला लागते ती कधी माया असते, कधी अस्तराची दुमड. म्हणून फक्त अस्तराची बाजूची शिवण तीन इंच उसवली. माया निघाली पाऊण इंच. अर्धा सोडल्यावर पाव इंच उरणार, तेवढ्यावर शिवण टिकते, पण रेशीम विरविरीत असेल तर आतून पट्टी द्यावी लागते.

मग जुन्या शिवणीचे टाके इंचभर उसवून बघितलं. कापडावर भोकं राहतात का, आणि आत दडलेलं कापड बाहेरच्यापेक्षा गडद आहे का. भोकं वाफ देऊन नखाने चोळल्यावर मिटली. रंगाची मात्र बारीक रेघ राहणार होती. ती काखेखाली येते, पण बाईंना आधी दाखवली. हे दाखवलं नाही तर ती रेघ आपल्या नावावर पडते.

खरी मेख टिकल्यांत होती. काम एका बाजूला शिवणीच्या आत गेलेलं. कटदाण्यावरून मशीन चालवली तर सुई मोडते किंवा दाणा फुटतो, म्हणून शिवणीच्या रेषेवरचे दाणे काढावे लागतात. आणि आरीचा टाका साखळीसारखा असतो. तो मधेच कापला की ओळच्या ओळ सुटत जाते. म्हणून कापायच्या आधी उलट्या बाजूने दोन्हीकडे दोरा अडकवून गाठ मारायची, मगच मधलं काढायचं. दीडशे सांगितलेल्या जुन्या ब्लाउजमध्ये मी हेच केलं नव्हतं. वीतभर काम सुटलं आणि ते पुन्हा हाताने भरायला एक रात्र गेली.

उघडून बघितल्यावर मिनिटं मांडली. दोन्ही बाजू उसवणं २०, टिकल्या अडकवून काढणं २५, कच्चा टाका घालून बाईंना घालून बघणं १०, शिवण आणि आतली पट्टी १५, टिकल्या पुन्हा लावणं ३५, अस्तर बंद करून इस्त्री १५. एकूण १२० मिनिटं, पाचशे रुपये. घेताना मी जास्तीत जास्त ५५० म्हटलं होतं. फोन करायची वेळ आली नाही, पाचशे घेतले. टिकल्या एका बाजूऐवजी दोन्ही बाजूंना शिवणीत गेल्या असत्या तर तासभर वाढला असता, आणि मग साडेसातशे होतील, करू का, असा फोन गेला असता.

जास्तीत जास्तचा आकडा सांगताना मन मोठं करून कमी सांगायचा मोह होतो. तो आवरायचा. माझा नियम असा की त्या प्रकारच्या कामाला वहीत सगळ्यांत वाईट दिवशी लागलेला वेळ बघते आणि त्याच्या किंचित खाली आकडा ठेवते. त्याच्याही वर जाणारं काम वर्षातून एखाद-दुसरं असतं आणि त्यासाठी फोन आहेच. खरा आकडा जास्तीत जास्तपेक्षा कमी आला तर कमीच घ्यायचा. एकदा जरी दरवेळी वरचाच आकडा लागतो असं लोकांच्या लक्षात आलं, तर तो त्यांच्या लेखी ठरलेला भाव होतो आणि मग त्यावर घासाघीस सुरू होते.

पावतीवर मी हे लिहून घेते, कारण चार दिवसांनी ब्लाउज न्यायला बाईंऐवजी त्यांचे भाऊ येतात:

‘ब्लाउज राणी, छाती २ इंच सैल. उघडून बघणे ₹८०, बिलात धरले. जास्तीत जास्त ₹५५०, त्यावर गेल्यास फोन करून. काखेखाली जुन्या शिवणीची रेघ दिसेल, दाखवली.’

रेघेच्या ओळीखाली सही घेते. पैशाच्या ओळीखाली घेत नाही, त्यावरून आजवर भांडण झालेलं नाही.

आणि काही कपडे उघडायचेसुद्धा नाहीत. शिवणीच्या शेजारचं कापड दोन्ही अंगठ्यांत धरून हलकेच ताणायचं. शिवण ताणली जाऊन कापड तसंच राहिलं तर ठीक. शिवणीच्या बाजूला धागे सरकून जाळी दिसायला लागली किंवा बारीक चर्रर्र आवाज आला, तर कापड विरलंय. तिथे नवी शिलाई मारली तर ती टिकते, तिच्या शेजारचं कापड जातं, आणि आठ दिवसांनी तोच कपडा पिशवीतून परत येतो. जुन्या रेशमी साड्यांचे ब्लाउज आणि उन्हात वाळत घातलेले जुने पडदे यात फार असतात. त्यांना मी भाव सांगत नाही. अंगठ्यांनी ताणून दाखवते आणि पिशवी परत देते.